जुना फोन देण्याआधी खरेदी अ‍ॅपमधलं सेव्ह कार्ड नक्की कुठून काढायचं?

प्रश्न: बाबांचा जुना फोन एम. जी. रोडवरच्या दुकानात एक्सचेंजला देतोय. त्यांचं डेबिट कार्ड त्यांच्या, माझ्या आणि पुण्याला असलेल्या बहिणीच्या फोनवर चार-पाच खरेदी अ‍ॅपमध्ये सेव्ह आहे. अ‍ॅप काढून टाकली की कार्ड पण जातं ना? दुकानदार म्हणतो, आता सगळं टोकनवर असतं, काही होत नाही. (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर:

नाही, अ‍ॅप अनइन्स्टॉल केल्याने कार्ड जात नाही. कार्डाची नोंद फोनमध्ये नसतेच. ती त्या कंपनीकडे, बाबांच्या खात्याला जोडून ठेवलेली असते आणि तिची दुसरी बाजू बँकेकडे असते. नव्या फोनवर तेच अ‍ॅप घेऊन त्याच नंबरने लॉगिन केलं की कार्ड पुन्हा समोर येईल. दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच तुमचं काम आहे.

आधी खरं अर्धं. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार भारतातल्या खरेदी साइटला किंवा पेमेंट गेटवेला तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही. तो फक्त कार्ड देणारी बँक आणि रुपे, व्हिसा, मास्टरकार्डसारखं नेटवर्क यांच्याकडेच राहतो. अ‍ॅपकडे राहतो तो नंबराच्या बदल्यात दिलेला दुसरा एक आकडा, म्हणजे टोकन. शिवाय ओळख पटावी म्हणून कार्डाचे शेवटचे चार अंक आणि बँकेचं नाव त्यांना ठेवता येतं. म्हणूनच अ‍ॅपमध्ये तुम्हाला तेवढंच दिसतं. हे टोकन त्या एका कार्डासाठी आणि त्या एका दुकानासाठीच बनलेलं असतं. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्ला जसा दुसऱ्या स्टँडवर चालत नाही, तसं एका अ‍ॅपचं टोकन दुसऱ्या साइटवर टाकून खरेदी होत नाही. त्यामुळे एखाद्या कंपनीचा डेटा फुटल्याची बातमी आली, तरी तिथे कार्ड टोकनवर असेल तर केवळ तेवढ्यासाठी कार्ड बदलून घ्यायची गरज नसते.

टोकन बनवायला तुमची स्पष्ट संमती आणि ओटीपी लागतो. संमतीचा चौकोन आधीच टिक करून ठेवायला परवानगी नाही. ग्राहकाकडून त्याचे पैसेही घ्यायचे नसतात. तेव्हा ‘टोकन रिन्यू करायचंय, अमुक रुपये भरा’ असा फोन किंवा मेसेज आला तर तो खोटाच समजा.

आता उरलेलं अर्धं. टोकन तुम्हाला वाचवतं ते नंबर चोरीला जाण्यापासून. पण ज्याच्या हातात लॉगिन असलेलं अ‍ॅप आहे, त्याला नंबराची गरजच नसते. तो त्याच अ‍ॅपमध्ये, त्याच दुकानातून, त्याच टोकनवर खरेदी करतो. टोकनवरच्या खरेदीत बऱ्याच ठिकाणी सीव्हीव्हीसुद्धा विचारत नाहीत, थेट ओटीपीच येतो. आणि बाबांचं सिम त्याच फोनमध्ये असेल तर तो ओटीपीही त्याच फोनवर येतो, काही फोनमध्ये तर रकान्यात आपोआप भरला जातो. फोनचं लॉक माहीत असलेल्या माणसासमोर मग अडथळा असा उरतच नाही. दुरुस्तीला दिलेला फोन, ‘लॉक नंबर सांगून ठेवा, चेक करावं लागेल’ म्हणून काउंटरवर लिहून दिलेला पिन, एक्सचेंजसाठी सिमसकट हातात दिलेला फोन, हे सगळे प्रसंग या एकाच प्रकारात मोडतात. म्हणून फोन दुकानात नेण्याच्या आदल्या दिवशी घरी बसून पुढची कामं उरका. क्रम महत्त्वाचा आहे, कारण यातल्या काही कामांना ओटीपी लागतो आणि तो बाबांच्या सिमवरच येणार. सिम सगळ्यात शेवटी काढायचं.

पहिलं काम चालू वर्गण्यांचं. सिनेमे बघायचं अ‍ॅप, खरेदी अ‍ॅपचं वार्षिक सभासदत्व, फोनमधल्या स्टोरेजची मासिक फी यांसाठी कार्डावर ई-मँडेट दिलेलं असतं, म्हणजे ठरलेल्या तारखेला पैसे कापायची परवानगी. साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. फक्त किमान २४ तास आधी सूचना येते. कार्ड डिलीट करणं आणि वर्गणी रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं टोकन काढलं तर पुढचा हप्ता अडकेल, पण सभासदत्व कंपनीच्या लेखी चालूच राहील आणि ‘पेमेंट फेल’चे मेसेज येत राहतील. म्हणून आधी त्या अ‍ॅपमध्ये जाऊन वर्गणी रद्द करा किंवा दुसऱ्या पेमेंटवर हलवा. मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन या नावाखाली परवानग्यांची यादी असते, तिथून ती परवानगी मागे घ्या. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या वर्गण्या मूळ अ‍ॅपमध्ये सापडत नाहीत. त्या प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून `Payments & subscriptions` मध्ये बघाव्या लागतात.

दुसरं काम प्रत्येक खरेदी अ‍ॅपमधून कार्ड काढायचं. ही जागा अ‍ॅपगणिक वेगळी असते, पण बहुतेक वेळा खात्याच्या पानावर `Saved Cards`, `Payment methods` किंवा `Manage payments` अशा नावाखाली सापडते. ऑर्डर देताना दिसणाऱ्या पेमेंटच्या पानावर शोधत बसू नका. तिथे कार्ड निवडता येतं, पण बऱ्याचदा काढता येत नाही. कार्डाच्या ओळीवर टॅप करा, शेवटचे चार अंक बाबांच्या कार्डाशी जुळवा आणि काढून टाका.

इथे एक नेहमीची अडचण येते: काढायचं बटणच फिकट दिसतं किंवा दाबलं तर ‘सध्या काढता येणार नाही’ असं म्हणतं. त्या कार्डावर एखादी ऑर्डर अजून मार्गी लागलेली नसते, किंवा सभासदत्व त्याच कार्डावर चालू असतं, किंवा ते एकच कार्ड मुख्य म्हणून लावलेलं असतं. ऑर्डर पोचेपर्यंत थांबा, सभासदत्व दुसरीकडे हलवा किंवा मुख्य पर्याय बदला, मग बटण चालतं. अ‍ॅपमध्ये नाहीच जमलं तर त्याच कंपनीच्या वेबसाइटवर संगणकावरून लॉगिन करून बघा. पण गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून फोन लावू नका. तिथे फसवणूक करणाऱ्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. ‘कार्ड काढून देतो, हे अ‍ॅप टाका आणि स्क्रीन दाखवा’ असं समोरून आलं की फोन ठेवायचा. कार्ड काढण्यासाठी कोणत्याही कंपनीला तुमची स्क्रीन बघावी लागत नाही.

‘परत केलेल्या वस्तूचे पैसे यायचेत, कार्ड काढलं तर रिफंड अडकेल का?’ ही शंका बहुतेकांना असते. रिफंड मूळ व्यवहाराच्या नोंदीवरून त्याच कार्डाच्या खात्यावर जातो, सेव्ह केलेल्या टोकनवर तो अवलंबून नसतो. तरी ऑर्डरचा नंबर आणि रिफंडची रक्कम लिहून ठेवा, म्हणजे नंतर पासबुकात जुळवता येईल.

तिसरं काम सगळ्यात जास्त राहून जातं, आणि माझ्या मते तेच मुख्य आहे: बँकेकडची यादी. रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्या बँकांना बंधन घातलंय की, ग्राहकाने कोणकोणत्या दुकानांत कार्ड सेव्ह केलंय त्याची यादी त्याला बघता आली पाहिजे आणि तिथूनच टोकन रद्दही करता आलं पाहिजे. ही सोय बँकेच्या अ‍ॅपवर, नेटबँकिंगवर, फोन बँकिंगवर किंवा शाखेत असू शकते. अ‍ॅपमध्ये ती बहुधा कार्डाच्या सेटिंगमध्ये, टोकनायझेशन किंवा मॅनेज टोकन अशा नावाने असते. सापडली नाही तर शाखेत जाऊन ‘माझ्या डेबिट कार्डावर कोणत्या दुकानांची टोकन आहेत ती यादी आणि रद्द करायची सोय हवी’ एवढं स्पष्ट मागा. ‘कार्ड ब्लॉक करा’ असं म्हणालात तर कार्डच बंद करून नवं मागवतील, आणि तुम्हाला ते नको आहे.

यादी उघडल्यावर काय दिसतं, ते तुमच्याच उदाहरणाने सांगतो. समजा तुम्ही तिघांनी मिळून चार अ‍ॅपमधून कार्ड काढलं आणि मग बाबांच्या बँकेची यादी उघडली. तिथे अजून तीन ओळी शिल्लक निघाल्या. एक त्या चारांपैकीच एका अ‍ॅपची आहे. पुण्याला बहिणीने तिच्या खात्यातून कार्ड काढलेलंच नसेल, किंवा काढल्याची नोंद अजून बँकेपर्यंत पोचली नसेल. तिला फोन करून खात्री करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. दुसरी ओळ एखाद्या साइटची आहे, जिथून दोन वर्षांपूर्वी एकदाच काहीतरी मागवलं होतं आणि घाईत ‘सेव्ह’वर टिक झालं होतं. त्या साइटचा पासवर्डही कुणाला आठवत नाही. ही बँकेकडूनच रद्द करा, साइटवर लॉगिन करायची गरज नाही. तिसऱ्या ओळीतलं नाव कुणालाच ओळखीचं वाटत नाही. घाबरून जाऊ नका. यादीत अनेकदा अ‍ॅपचं लोकप्रिय नाव नसून कंपनीचं नोंदणीकृत नाव असतं. त्या नावाने इंटरनेटवर शोधा आणि पासबुकातल्या जुन्या नोंदींशी ताडून पहा. उलगडा झाला नाही तरी ती ओळ रद्द करायला हरकत नाही. फार तर कुठेतरी पुढच्या खरेदीला कार्ड नव्याने टाकावं लागेल, एवढंच. पण त्या नावाने तुम्ही न केलेला व्यवहार पासबुकात असेल, तर मात्र लगेच बँकेला कळवा.

बँकेकडून टोकन रद्द केल्यावरही अ‍ॅपमध्ये काही वेळा कार्डाची ओळ दिसत राहते. त्यावर पेमेंट करायला गेलं की व्यवहार नाकारला जातो. ती ओळ नंतर अ‍ॅपमधून काढून टाकली की झालं. उलट बाजूने मात्र गाफील राहू नका. अ‍ॅपमधून ओळ गेली म्हणजे बँकेकडूनही गेली असं गृहीत धरू नका, यादी उघडून डोळ्यांनी बघा.

चौथं काम टोकनच्या बाहेर राहिलेल्या जागांचं. खरा पूर्ण नंबर इथेच उघडा पडलेला असतो. सगळ्यात आधी फोटो. आपल्याकडे घरोघरी कार्डाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्यांना पाठवलेला असतो, कारण बहिणीला एकदा नंबर हवा होता. त्या फोटोत नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही तिन्ही असतात. त्याला टोकनचं कोणतंही संरक्षण नाही. गॅलरीत तो शोधून काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्याच्या आणि मिळालेल्याच्या, दोन्हींच्या फोनमधून काढा. गुगल फोटोजमध्ये डिलीट केलेला फोटो `Trash` मध्ये राहतो. बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस, नसेल तर ३० दिवस. म्हणून ट्रॅशही रिकामं करा. हा फोटो चार-सहा जणांपर्यंत गेलाय असं लक्षात आलं, तर डिलीट करत बसण्यापेक्षा बँकेकडून नवं कार्ड घेणं बरं. या बाबतीत कार्ड बदलायला मी आढेवेढे घेणार नाही.

मग ब्राउझर. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवरून `Settings` आणि तिथून `Payment methods` बघा. कधीतरी ‘कार्ड सेव्ह करू का’ या प्रश्नाला हो म्हटलेलं असतं आणि ते कार्ड तिथे पडून असतं. गुगल खात्यात ठेवलेली कार्डं `pay.google.com` वर लॉगिन केल्यावर दिसतात. फोन टेकवून पैसे द्यायची सोय त्या फोनवर लावली असेल, तर तिथलं कार्डही काढा. ते टोकन त्या फोनपुरतं वेगळं बनलेलं असतं.

आणि परदेशी साइट. टोकनचा हा नियम देशातल्या व्यवहारांचा आहे. परदेशातल्या दुकानाने तुमचा पूर्ण नंबर ठेवलेला असू शकतो आणि तिथे ओटीपी न विचारताही पैसे कापले जाऊ शकतात. अशा साइटचं नाव बँकेच्या टोकनच्या यादीत येईलच असं नाही, त्यामुळे तिथे प्रत्यक्ष लॉगिन करूनच कार्ड काढावं लागतं. बाबा परदेशी साइटवरून काही घेत नसतील तर बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सरळ बंद ठेवा. देशातले ऑनलाइन व्यवहार चालू ठेवून त्यांची रोजची मर्यादाही तिथेच ठरवता येते. घरखर्चाच्या खरेदीला पाच हजार पुरत असतील तर पन्नास हजारांची मर्यादा ठेवायचं काही कारण नाही.

एवढं झालं की प्रत्येक खरेदी अ‍ॅपमधून ‘सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट’ करा, पासवर्ड असेल तर बदला, आणि नव्या फोनवर लॉगिन होतंय याची खात्री करून घ्या. मग जुन्या फोनच्या सेटिंगमधून गुगल खातं काढा आणि नंतर फोन रिसेट करा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे खातं न काढता थेट बटणं दाबून रिसेट केला, तर चालू होताना फोन आधीच्या खात्याचा पासवर्ड मागतो. मग दुकानातून फोन येतो, ‘साहेब, जीमेलचा पासवर्ड सांगा, फोन अडकलाय.’ पासवर्ड कधीच सांगू नका. स्वतः दुकानात जा आणि आपल्या हाताने टाका. सिम आणि मेमरी कार्ड फोन देण्याआधी काढून घ्या.

आता तुम्ही न विचारलेलं, पण तुमच्या घरात सगळ्यात जास्त धोक्याचं. एकच कार्ड तिघांच्या फोनवर आहे याचा अर्थ असा की बहीण पुण्याहून ऑर्डर देते, ओटीपी नाशिकला बाबांच्या फोनवर येतो आणि ती फोन करून विचारते, ‘बाबा, आत्ता आलेला नंबर सांगा.’ बाबांना फोनवर ओटीपी सांगायची सवय आपणच लावलेली असते. उद्या तिसऱ्याच कुणाचा फोन आला, ‘काका, ताईंची ऑर्डर अडकलीय, आलेला नंबर सांगा,’ तर ते सांगून मोकळे होतील. अशा वेळी टोकनचा काही उपयोग नाही, कारण ओटीपी स्वतःहून दिलेला असतो. त्यामुळे तुमच्या आणि बहिणीच्या फोनमधून बाबांचं कार्ड आजच काढा आणि परत टाकू नका.

बाबांच्या खात्यातून मुलांची खरेदी व्हायलाच हवी असेल तर यूपीआय सर्कल ही सोय वापरता येते. बाबा मुख्य, तुम्ही दुय्यम. त्यातला अंशतः परवानगीचा प्रकार निवडला की तुमची प्रत्येक मागणी बाबांच्या फोनवर जाते आणि ते रक्कम बघून स्वतः यूपीआय पिन टाकतात. तोंडी नंबर सांगायचा प्रश्नच येत नाही. पूर्ण परवानगीचा प्रकार निवडला तर दर वेळी विचारावं लागत नाही, पण महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांची मर्यादा असते. बाबांसाठी मी पहिलाच प्रकार सुचवेन.

बाबांनी स्वतःच्या फोनवर एखाद्या नेहमीच्या अ‍ॅपमध्ये कार्ड सेव्ह ठेवायला माझी हरकत नाही. दर वेळी सोळा अंक आणि सीव्हीव्ही टाकत बसलं की खोट्या साइटवर तेच अंक टाकले जाण्याची शक्यता वाढते, टोकनवर ती राहत नाही. फक्त ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायची सवय त्यांना लावा. त्यात रक्कम आणि दुकानाचं नाव असतं, ते दोन्ही जुळलं तरच आकडे टाकायचे. आणि लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग नव्या फोनवर करून द्या.

यातून चुकून काही गेलंच, तर आधी बँकेच्या अ‍ॅपवरून कार्ड बंद करा. मूळ कार्ड बंद झालं की त्याच्यावरची टोकनही चालत नाहीत. मग १९३० वर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा, आणि बँकेकडे लेखी कळवून तक्रारीचा नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार ग्राहकाची चूक नसलेल्या फसवणुकीत तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवलं तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तेव्हा रात्र असो की रविवार, शाखा उघडायची वाट बघू नका.

नवं कार्ड आल्यावर जुन्या दुकानांशी ते जोडायचं का, हे बँकेने तुमच्या संमतीनेच करायचं असतं. तशी विचारणा आली की सगळ्यांना एकदम हो म्हणू नका. बाबा दर महिन्याला जिथून सामान मागवतात तेवढंच एखादं अ‍ॅप जोडा आणि बाकीची यादी कोरी राहू द्या.